दहावीला 92 टक्के, अकरावीच्या पहिल्या चाचणीत 25 पैकी 9: वारंवार विचारले जाणारे प्रश्न

मी जुळे सोलापुरात अकरावी-बारावीच्या मुलांना फिजिक्स शिकवतो. पहिल्या घटक चाचणीचे पेपर मुलांच्या हातात पडले की पुढचे पंधरा दिवस मला तेच ते प्रश्न येतात. कधी फोनवर, कधी क्लासच्या दारात, एकदा तर सात रस्त्याला सिग्नलवर थांबलो असताना शेजारच्या स्कूटरवरून. म्हणून एकदाच नीट लिहून ठेवतोय. उदाहरणं फिजिक्सची आहेत. गणिताला ती जवळपास तशीच लागू पडतात, केमिस्ट्रीला निम्मी, बायोलॉजीला फारच थोडी.

मी तेवढाच अभ्यास करतोय, किंबहुना जास्तच. मग मार्क का पडले?

तुमचा अभ्यास कमी झालेला नाही, प्रश्नाची जात बदलली आहे.

दहावीच्या विज्ञानात गुरुत्वाकर्षणाचा धडा आठवा. त्यातलं उदाहरण साधारण असं असायचं: वस्तू इतक्या उंचीवरून सोडली, जमिनीवर पडायला किती वेळ लागेल? काय दिलंय ते लिहायचं, सूत्र लिहायचं, किमती घालायच्या, उत्तर. एकच सूत्र, एकच अज्ञात राशी आणि शिवाय कोणत्या धड्यातला प्रश्न आहे हेही माहीत. गाईडमधली वीस उदाहरणं दोनदा सोडवली की पेपरमधलं एकविसावं ओळखीचं निघायचं.

अकरावीच्या उदाहरणात तीन-चार पायऱ्या असतात, आणि पहिली पायरी कोणती हे प्रश्नात लिहिलेलं नसतं. ते तुम्ही ठरवायचं असतं. दहावीच्या सवयीत हे ठरवण्याचं काम कधी झालेलंच नसतं, कारण ते गाईड करून द्यायचं.

म्हणजे दहावीचे मार्क नुसते पाठांतराचे होते असं म्हणायचंय का?

नाही. हे वाक्य मी पालकांच्या तोंडून मुलांसमोर ऐकलंय आणि दर वेळी राग येतो. ओळखीचा प्रश्न पटकन ओळखणं, नीट मांडणं, वेळेत पेपर संपवणं ही कमाईच आहे आणि ती पुढे उपयोगी पडते. फक्त ती पुरत नाही.

फरक एखाद्या उदाहरणावरून दाखवाल का?

दाखवतो. हे एक उदाहरण वही-पेन घेऊन वाचा, कारण पुढची निम्मी उत्तरं त्याच्यावरच आहेत.

15 मीटर उंच इमारतीच्या गच्चीवरून एक चेंडू 20 मीटर प्रति सेकंद वेगाने, क्षितिजाशी 30 अंशाचा कोन करून वरच्या दिशेने फेकला. तो इमारतीच्या पायथ्यापासून किती लांब पडेल? g = 10 घ्या.

दर वर्षी वर्गातली निम्मी मुलं ताबडतोब प्रक्षेप्य गतीचं पल्ल्याचं सूत्र लिहितात: R = u² sin 2θ / g. किमती घालतात, 34.6 मीटर काढतात, उत्तराला चौकट करतात. सूत्र बरोबर, आकडेमोड बरोबर, उत्तर चूक. कारण ते सूत्र चेंडू ज्या पातळीवरून फेकला त्याच पातळीवर परत येतो तेव्हाचं आहे. इथे तो 15 मीटर आणखी खाली जातो. सूत्र पाठ होतं, ते कधी चालतं हे पाठ नव्हतं.

आता सरळ करू. आधी आकृती काढा. वेगाचे दोन भाग करा: उभा भाग 20 sin 30° म्हणजे 10, आडवा भाग 20 cos 30° म्हणजे 17.3. वरची दिशा धन धरली, तर जमीन −15 वर आहे आणि त्वरण −10 आहे. उभ्या दिशेला गतीचं समीकरण लिहा:

−15 = 10t − 5t²

पाचाने भागून सगळं एका बाजूला आणलं की t² − 2t − 3 = 0. अवयव पाडले की t = 3 किंवा t = −1. फेकण्याआधीचा वेळ आपल्या कामाचा नाही, म्हणून 3 सेकंद. आडव्या दिशेला वेग बदलत नाही, म्हणून अंतर 17.3 × 3 = 51.9 मीटर.

आता यात अकरावीचं नवीन काय होतं ते शोधा. sin आणि cos दहावीच्या भूमितीत होतं. वर्गसमीकरण दहावीच्या बीजगणितात होतं. गतीची समीकरणं नववीपासून आहेत. नवीन एकच गोष्ट: आडवी आणि उभी गती वेगवेगळी बघायची, आणि दोघींना जोडणारा धागा म्हणजे वेळ. बाकी सगळं जुनंच सामान, पण ते तीन वेगवेगळ्या पुस्तकांच्या तीन वेगवेगळ्या कप्प्यांत पडलेलं. अकरावी ते एकाच प्रश्नात बाहेर काढायला लावते.

जाता जाता उत्तर पडताळायची युक्ती. उभा वेग 10, म्हणून चेंडू 1 सेकंद वर जाईल आणि 5 मीटर चढेल. आता तो जमिनीपासून 20 मीटरवर आहे. तिथून खाली यायला 2 सेकंद. एकूण 3. वर्गसमीकरण न सोडवताही तेच आलं. ज्या मुलाला हा दुसरा रस्ता दिसतो, त्याला धडा समजलाय असं मी धरतो.

सर शिकवतात तेव्हा सगळं कळतं. घरी पुस्तक वाचतानाही कळतं. पेपरमध्ये काहीच सुचत नाही. हे काय आहे?

सगळ्यात जास्त विचारला जाणारा प्रश्न हाच. सोडवलेलं उदाहरण वाचताना "हं, बरोबर, मग हे, मग हे" असं आपण मान हलवत जातो. ती ओळख असते. स्वतःहून आठवणं आणि ठरवणं हे वेगळं काम आहे, आणि वाचताना ते होतच नाही. गड्डा यात्रेच्या गर्दीत एखाद्याचा चेहरा ओळखीचा वाटतो पण नाव आठवत नाही, तसंच हे.

उपाय कंटाळवाणा आहे. सोडवलेलं उदाहरण घ्या, फक्त प्रश्न वाचा आणि पुस्तक मिटा. दहा मिनिटं कोऱ्या कागदावर झटा. अडलात तर पुस्तक उघडून फक्त पुढची एक ओळ बघा आणि परत मिटा. जिथे उघडावं लागलं तिथे समासात फुली मारा. फुली म्हणजे तुम्हाला न सुचलेली पायरी. दोन दिवसांनी तेच उदाहरण परत, पुस्तक मिटूनच. फुली गेली तर पुढे चला.

पहिल्या आठवड्यात तासाभरात जेमतेम तीन-चार उदाहरणं होतील. दहावीत तेवढ्या वेळात पंधरा व्हायची, त्यामुळे मुलांना वाटतं आपण मागे पडलो आणि ती परत वाचायला लागतात. तिथेच घसरतात. वाचून झालेली पंधरा धरूच नका.

आणि हायलायटर दप्तरात ठेवून द्या. अख्खं पान पिवळं केलेलं पुस्तक मला दाखवायला आणणाऱ्या मुलांचं मला फार वाईट वाटतं, कारण त्यांनी खरंच मेहनत केलेली असते.

तपासलेल्या पेपरचं काय करायचं? मी तर तो घरी दाखवलाच नाही.

तो पेपर म्हणजे तुमच्याकडची सगळ्यात कामाची वस्तू. एका मुलीचं सांगतो. अशोक चौकाकडून यायची, मराठी माध्यम, दहावीला 92 टक्के. पहिल्या चाचणीत 25 पैकी 9. तिचं म्हणणं, "सर, मला फिजिक्सच कळत नाही." आम्ही गेलेले 16 मार्क एकेक करून चार ढिगांत टाकले.

धडाच नीट कळलेला नव्हता, असे गेले 3. वाचून प्रश्न कळला पण सुरुवातच सुचली नाही, असे 6. सुरुवात बरोबर होती पण पुढे गणितात अडकली, असे 5. एकक विसरणं, चिन्ह चुकणं, असले 2.

आता बघा, "फिजिक्स कळत नाही" याचे मार्क फक्त 3. ती मात्र त्या 3 मार्कांसाठी रोज रात्री अख्खा धडा परत वाचत होती. सुरुवात न सुचण्याच्या 6 मार्कांना वर सांगितलेली मिटल्या पुस्तकाची पद्धत लावली. गणिताच्या 5 मार्कांसाठी फिजिक्स बाजूला ठेवून तीन रविवार दहावीची भूमिती आणि बीजगणित काढलं. सहामाहीला तिला 50 पैकी 29 आले. फार नाही. पण त्यात "सुरुवात सुचली नाही" असे मार्क फक्त 4 होते, आणि ते पाहून मी निश्चिंत झालो.

हे चार ढीग तुम्ही स्वतः करू शकता. अट एकच, आईवडिलांनी शेजारी बसू नये. कोणी बघत असलं की सगळे मार्क "सिली मिस्टेक"च्या ढिगात जातात.

माझं गणित कच्चं आहे की फिजिक्स, कसं ओळखायचं?

गच्चीवरच्या चेंडूचं उदाहरण घ्या आणि त्यातलं फिजिक्स मी करून दिलं असं समजा. म्हणजे हातात नुसतं −15 = 10t − 5t² आहे. यातून t काढायला तीन मिनिटांपेक्षा जास्त लागले, किंवा चिन्ह चुकलं, तर अडचण गणितात आहे. उलट हे झटकन आलं पण हे समीकरण लिहायचं कसं सुचलं नसतं, तर अडचण फिजिक्सची.

माझ्या अनुभवात गणितात अडकणारी मुलं बहुतेक चार ठिकाणी अडकतात. सूत्रातली हवी ती राशी एकटी एका बाजूला आणणं, विशेषतः ती वर्गमुळात किंवा छेदात असेल तेव्हा. दहाचे घातांक, म्हणजे 10⁻¹¹ ला 10²⁴ ने गुणणं. काटकोन त्रिकोणात कोन उभ्या बाजूकडून दिला तर sin घ्यायचं की cos. आणि आलेखाचा चढ. शेवटचं मुलांना सर्वात सोपं वाटतं आणि तिथेच सर्वात जास्त चुकतं.

माझं शिक्षण मराठी माध्यमात झालं. इंग्रजीमुळे मागे पडतोय का?

थोडंफार हो, पण तुम्हाला वाटतं तिथे नाही. त्वरण म्हणजे ॲक्सिलरेशन, संवेग म्हणजे मोमेंटम, जडत्व म्हणजे इनर्शिया: हे शब्द महिनाभरात बसतात. वहीच्या मागच्या पानावर दोन रकाने करा, धड्यामागे वीस-पंचवीस शब्दांच्या वर जात नाहीत.

खरा घोळ साध्या शब्दांत असतो. उदाहरणात "स्मूद" असं आलं तर त्याचा अर्थ गुळगुळीत एवढाच नाही, "घर्षण शून्य धर" असा हुकूम आहे तो. "लाइट स्ट्रिंग" म्हणजे उजेडाची नव्हे, जिचं वस्तुमान धरायचं नाही अशी दोरी. "फ्रॉम रेस्ट" म्हणजे u = 0. "जस्ट" हा शब्द दिसला, म्हणजे "ठोकळा नुकताच सरकू लागला" असं काही, की घर्षण कमाल आहे. हे शब्द म्हणजे प्रश्नात लपवलेले आकडे. शब्दकोशात त्यांचा हा अर्थ सापडत नाही. इंग्रजी माध्यमाची मुलंही इथे चुकतात, फक्त त्यांना कळत नाही की ती चुकली.

म्हणून प्रश्न वाचताना पेन्सिलीने प्रत्येक शब्दाचा आकडा करा. "फ्रॉम रेस्ट" खाली u = 0 लिहा, "स्मूद" खाली घर्षण 0. सगळं लिहून झालं की प्रश्न निम्मा सुटलेला असतो.

विचार मात्र ज्या भाषेत येतो त्या भाषेत करा. घरी तेलुगू बोलत असाल तर तेलुगूत, कानडी बोलत असाल तर कानडीत. पेपरवर इंग्रजी उतरलं म्हणजे झालं.

क्लास लावू का? मैत्रिणीने दोन लावलेत.

मी क्लासवाला, म्हणून माझं उत्तर थोडं सांभाळून घ्या. क्लास तुम्हाला समजावून देईल. कोऱ्या कागदापुढची दहा मिनिटं तुमच्या वतीने कोणी बसू शकत नाही. कॉलेज, एक क्लास आणि दुसरा क्लास मिळून तुम्ही एकच धडा तीनदा ऐकणार असाल आणि स्वतः एकदाही सोडवणार नसाल, तर दुसरा क्लास सोडा. पहिला लावलाच असेल तर तिथे शंका विचारता येते का एवढं बघा. दीडशे मुलांत हात वर करायची लाज वाटत असेल, तर तो क्लास तुमच्या कामाचा नाही.

मी मोहोळहून येऊन-जाऊन करतो. वेळच मिळत नाही.

बसमध्ये उदाहरणं सुटत नाहीत, नादाला लागू नका. बसमध्ये डोळे मिटून एवढंच करा: आज कॉलेजात काय झालं ते क्रमाने आठवा, आणि जिथे तुटेल तो मुद्दा उतरल्यावर वहीत बघा. घरी गेल्यावर फिजिक्स आणि गणित मिळून सलग दीड तास, पुस्तक मिटून. झोपेतून वेळ काढू नका. रात्री एकला सोडवलेल्या उदाहरणांतल्या चुका मी सकाळी तपासतो, म्हणून सांगतोय.

सीईटी तर बारावीवर असते. अकरावी जेमतेम पास झालो तर काय बिघडलं?

एमएचटी-सीईटीत अकरावीच्या अभ्यासक्रमाला साधारण 20 टक्के वजन असतं, उरलेलं बारावीला. हा आकडा ऐकून मुलं अकरावी सोडून देतात. पण बारावी फिजिक्सचा पहिलाच धडा रोटेशनल डायनॅमिक्स आहे. त्यात पहिल्या दिवसापासून बलाचे आडवे-उभे भाग करावे लागतात, म्हणजे गच्चीवरच्या चेंडूचंच काम. बारावीच्या गणितातलं डेरिव्हेटिव्ह अकरावीच्या लिमिट आणि डिफरन्सिएशनवर उभं आहे. नीट आणि जेईई मेनला तर दोन्ही वर्षांचा अभ्यासक्रम असतो.

सीईटीत चुकीच्या उत्तराला मार्क कापत नाहीत, म्हणून अंदाजाने निभेल असंही काहींना वाटतं. फिजिक्स आणि केमिस्ट्री मिळून 100 प्रश्न, 90 मिनिटं. कच्च्या गणिताला तिथे विचार करायलाच वेळ मिळत नाही.

बायोलॉजीत असं का होत नाही?

कारण तिथे जुनी सवय बरीचशी चालते. नावं, क्रम, आकृत्या मुळात आठवायच्याच असतात. तरी वाचण्यापेक्षा आकृती न बघता काढणं जास्त टिकतं. केमिस्ट्री मधे कुठेतरी आहे: पहिल्याच धड्यातली मोलची उदाहरणं फिजिक्ससारखी, पुढचं बरंच बायोलॉजीसारखं.

सायन्स सोडून कॉमर्सला जावं का?

पहिल्या चाचणीवरून ठरवू नका, आणि केवळ घरचे काय म्हणतील म्हणून टाळूही नका. सहा-आठ आठवडे मिटल्या पुस्तकाने प्रामाणिक काम करा आणि ढीग परत मोजा. "सुरुवातच सुचली नाही" हा ढीग कमी होत असेल तर एकूण मार्क कमी असले तरी थांबा. तो तसाच राहिला, आणि शिवाय कोऱ्या कागदाचा मनापासून वीट आला असेल, तर बदलण्यात कमीपणा नाही. माझी एक जुनी विद्यार्थिनी असंच सोडून गेली. आता नव्या पेठेत लोकांचे जीएसटीचे हिशोब करते आणि मला टॅक्समध्ये शिकवते.

पालक म्हणून आम्ही काय करावं?

"किती धडे झाले?" विचारू नका, त्याचं उत्तर नेहमी समाधानकारकच येतं. "आज कुठे अडलास?" विचारा. उत्तर तुम्हाला कळलं नाही तरी चालेल. जेवताना नातेवाइकांच्या मुलांचे टक्के काढू नका. आणि संध्याकाळी चार तास टेबलापाशी बसलाय म्हणून निर्धास्तही राहू नका. टेबलावरच्या कागदावर खाडाखोड आहे का ते बघा. स्वच्छ वही हे अकरावीत फारसं चांगलं लक्षण नाही.

बोर्डाच्या पेपरला कॅल्क्युलेटर चालतो का?

नाही. लॉगचं टेबल चालतं, आणि त्याची सवय आत्तापासून लावा, कारण आकडेमोडीत मार्क घालवणाऱ्या मुलांचा मोठा भाग इथे सापडतो. बहुतेक जण बारच्या खुणेवर पडतात. 2 चा लॉग 0.3010, हे टेबलात मिळतं. 0.02 चा लॉग लिहिताना 2 वर आडवी रेघ देऊन पुढे .3010 लिहितात. मुलं ते −2.3010 समजतात. रेघ फक्त 2 पुरती आहे, पुढचा अपूर्णांक धनच राहतो: −2 + 0.3010 म्हणजे −1.6990. बेरीज-वजाबाकी करताना हे दोन भाग वेगवेगळे ठेवा. रोज दोन गुणाकार आणि एक वर्गमूळ लॉगने काढा. पंधरा दिवसांत हात बसतो.